अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक घेताना किती अंतर ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यात माझं औषधाचं दुकान आहे. चिठ्ठीत अँटिबायोटिकच्या खाली पोटासाठी म्हणून एक पुडी किंवा छोटी बाटली लिहिलेली असते आणि घरी गेल्यावर लोकांचे फोन सुरू होतात. "दोन्ही एकदम द्यायचं का?", "किती वेळानं द्यायचं?", "दही दिलं तर चालतंय का?" हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. डॉक्टरांनी तुमच्या चिठ्ठीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर तीच पाळा.

१. प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय, आणि अँटिबायोटिकसोबत ते कशाला देतात?

आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. अन्न पचवायला ते मदत करतात आणि त्रासदायक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिक कानाच्या किंवा घशाच्या आजारासाठी दिलेलं असलं तरी ते पोटातूनच जातं, आणि वाटेत या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. मग काही लोकांना पातळ संडास सुरू होते. प्रोबायोटिक म्हणजे ठरावीक जातीचे जिवंत, निरुपद्रवी जंतू. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत आतड्यातला तोल ढळू नये म्हणून ते बाहेरून दिले जातात.

लेकरांच्या बाबतीत याचा पुरावा चांगला आहे. कोक्रेन या संस्थेनं २०१९ साली ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात सहा हजारांहून जास्त मुलं होती. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक न घेणाऱ्या १०० मुलांपैकी साधारण १९ जणांना जुलाब लागले, घेणाऱ्यांमध्ये हा आकडा ८ होता. म्हणजे फायदा आहे, पण हमी नाही. पुडी न घेताही बहुतेक मुलांचं पोट ठीकच राहतं.

म्हाताऱ्या माणसांचं चित्र इतकं स्पष्ट नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या दवाखान्यांत ६५ वर्षांवरच्या जवळपास ३,००० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रोबायोटिक घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत जुलाबाच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणून आजोबांसाठी कुणी महागडी बाटली मागितली, तर मी आधी विचारतो की डॉक्टरांनी लिहिली आहे का.

२. दोघांत किती तासांचं अंतर ठेवायचं?

लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू असलेलं प्रोबायोटिक असेल, तर अँटिबायोटिक घेतल्यानंतर किमान दोन तास थांबा. पुढचा डोस अजून दोन तासांवर असेल अशीच वेळ निवडा. सगळ्यात चांगलं म्हणजे दोन डोसांच्या बरोब्बर मधे घ्या.

दोन तासच का? गोळी किंवा सिरप पोटात गेलं की पहिल्या एक-दोन तासांत ते जठरातून लहान आतड्यात उतरतं आणि तिथून रक्तात जातं. त्या वेळात आतड्याच्या वरच्या भागात औषधाचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. त्याच घोटात जिवंत जिवाणू पाठवले तर ते थेट औषधाच्या तावडीत सापडतात. दोन तासांनी वरच्या भागातलं औषध बरंच कमी झालेलं असतं, त्यामुळं पाठवलेल्यांपैकी जास्त जिवाणू जिवंत खाली पोचतात.

हा आकडा औषध कसं शोषलं जातं त्या हिशेबावरून आलेला आहे. दोन तास म्हणजे दगडावरची रेघ समजू नका. पावणेदोन झाले म्हणून काही बिघडत नाही आणि तीन झाले तर उत्तमच. घोळ होतो तो दोन्ही एकाच चमच्यात मिसळल्यानं.

पण एक गोष्ट आधी बघून घ्या. हा नियम सगळ्या पुड्यांना सारखा लागू नाही. काही पुड्यांना अंतराची गरजच नसते (प्रश्न ३).

३. आमच्या पुडीत काय आहे ते कसं कळणार? प्रत्येक प्रोबायोटिकला अंतर लागतं का?

बरीच वर्षं मीही काउंटरवरून सरसकट "दोन तासांनी द्या" एवढंच सांगायचो. पुडी उलटून नाव वाचून सांगायला लागलो तेव्हा निम्म्या लोकांचं वेळापत्रक सोपं झालं. पुडीच्या मागं बारीक अक्षरात जंतूचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याकडं साधारण तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचा. बहुतेक मिश्र कॅप्सूल आणि पुड्यांमध्ये हेच असतात. हे नाजूक असतात आणि बरीच अँटिबायोटिक्स त्यांना मारतात. दोन तासांचा नियम खरा यांच्यासाठीच आहे.

दुसरा प्रकार सॅकरोमायसिस बुलार्डी. हा जिवाणू नव्हे, यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या कुळातला. १९२० च्या दशकात हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून वेगळा केला. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला त्याचा काहीच त्रास होत नाही. म्हणून ही पुडी अँटिबायोटिकच्या अगदी लगोलग दिली तरी चालते. पण बुरशीच्या औषधासोबत मात्र उलटा प्रकार होतो (प्रश्न १०).

तिसरा प्रकार बॅसिलस क्लॉसाय आणि बॅसिलस कोॲग्युलन्स. पाच मिलीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या येतात त्यात बहुधा बॅसिलस क्लॉसाय असतं. हे जंतू बीजाणूच्या रूपात असतात. बीजाणू म्हणजे टणक कवचात झोपलेला जिवाणू. कवचामुळं तो जठरातलं आम्ल सहन करतो, शिवाय क्लॉसायच्या औषधी जाती बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. तरीही बीजाणू आतड्यात फुटला की आतला जिवाणू उघडा पडतो, म्हणून कुपीसोबतच्या माहितीत ती अँटिबायोटिकच्या दोन डोसांच्या मधल्या वेळेत घ्यावी असं सांगितलेलं असतं. तेच पाळा.

नाव वाचता येत नसेल तर पुडीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तुमच्या मेडिकलवाल्याला पाठवा. नुसतं "पोटाची पुडी" असं सांगितलं तर कुणालाच नीट उत्तर देता येत नाही.

४. लेकराला सिरप दिवसातून दोनदा आहे. पुडीची वेळ कशी बसवायची?

दुकानात घडलेलं एक उदाहरण सविस्तर सांगतो. जिंतूरकडच्या एका गावातली माय आली होती. साडेचार वर्षांच्या मुलीचा कान ठणकत होता, डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं ड्राय सिरप सात दिवस, सकाळ-संध्याकाळ लिहिलं होतं, आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससची पुडी दिवसातून एकदा. तिसऱ्या दिवशी मुलीला पाच वेळा पातळ संडास झाली. "पुडी तर रोज देतेय, तरी ढाळ लागले," असं म्हणत ती बाटलीच घेऊन आली.

दोन गोष्टी सापडल्या. लेकरू औषध थुंकतं म्हणून ती पुडी सिरपाच्या चमच्यातच कालवत होती, म्हणजे एकदाच तोंड उघडावं लागेल. त्यामुळं पुडीतले जिवाणू चमच्यातच अँटिबायोटिकमध्ये बुडत होते. दुसरी गोष्ट बाटलीतल्या पाण्याची. ड्राय सिरपात खुणेपर्यंत पाणी घालून हलवलं की फेस येतो, आणि फेसामुळं पाणी खुणेपर्यंत आल्यासारखं दिसतं. फेस खाली बसल्यावर पुन्हा खुणेपर्यंत पाणी घालून हलवायचं असतं. ते राहिलं होतं. औषध घट्ट झालं होतं आणि प्रत्येक चमच्यात गरजेपेक्षा जास्त जात होतं. या औषधातला क्लॅव्ह्युलॅनेट हा भाग पोट ढिलं करण्यासाठी आधीच ओळखला जातो, त्यात ही भर.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नवी बाटली द्यायला आणि औषध चालूच ठेवायला सांगितलं. मी तिथंच उकळून गार केलेल्या पाण्यात नवी बाटली कालवून दिली आणि वेळा कागदावर लिहून दिल्या. सकाळी ८ वाजता नाष्ट्याच्या पहिल्या घासाबरोबर सिरप, कारण खाण्याच्या सुरुवातीला दिलं तर हे औषध पोटाला कमी त्रास देतं. दुपारी १ वाजता बालवाडीतून आल्यावर पुडी, अर्धी वाटी गार वरणाच्या पाण्यात. रात्री ८ वाजता जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर पुन्हा सिरप. म्हणजे पुडीच्या आधी पाच तास आणि नंतर सात तास मोकळे. सोबत ओआरएस आणि जस्ताचं औषध होतंच (प्रश्न १२). पाचव्या दिवशी संडास दोनवर आली आणि कानही शांत झाला. हे सगळं पुडीमुळं झालं असं मी म्हणणार नाही. सिरपाचं प्रमाण बरोबर झालं, त्याचा वाटाही मोठा होता.

पुडी दिवसातून दोनदा लिहिली असेल तर याच वेळापत्रकात दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ धरा.

५. दिवसातून तीनदा गोळी असेल तर मधे वेळच उरत नाही. मग?

उरतो. तीनदा म्हणजे दर आठ तासांनी, समजा सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १०. प्रोबायोटिक सकाळी १० ला घ्या. दोन्ही बाजूंनी चार-चार तास मिळतात. दोनदा घ्यायचं असेल तर दुसरं संध्याकाळी ६ ला.

शेतावर जाणारी माणसं मला सांगतात की सकाळी घर सोडतो ते अंधार पडल्यावर येतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून यीस्टची पुडी घेतली (प्रश्न ३) तर अंतराची कटकट संपते, आणि दोन्ही औषधं भाकरीबरोबर एकाच वेळी घेता येतात. मात्र वेळ जुळवण्यासाठी अँटिबायोटिकचा डोस पुढं-मागं ढकलू नका. अँटिबायोटिकच्या वेळा आधी ठरवायच्या, प्रोबायोटिक उरलेल्या जागेत बसवायचं.

६. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळीसोबत, जसं अझिथ्रोमायसिन, काय करायचं?

गोळी सकाळी, प्रोबायोटिक संध्याकाळी. एवढं पुरे. अझिथ्रोमायसिन शरीराच्या पेशींत साठून राहतं आणि गोळ्या संपल्यावरही काही दिवस हळूहळू बाहेर पडतं, म्हणून इथं तासांचा काटेकोर हिशेब करण्यात अर्थ नाही.

७. चुकून दोन्ही एकदम दिलं. आता काय करू?

काहीच करू नका. उलटी करवायची गरज नाही आणि पुडी परत द्यायचीही गरज नाही. दोन्ही एकत्र पोटात गेल्यानं विष होत नाही आणि अँटिबायोटिकचा जोरही कमी होत नाही. फार तर त्या एका पुडीतले बरेच जिवाणू मेले. उद्यापासून वेळ पाळा.

पुडी द्यायची पूर्ण विसरलात तरी तेच. दुसऱ्या दिवशी दोन पुड्या एकदम देऊ नका. अँटिबायोटिकचा डोस चुकला तर गोष्ट वेगळी आहे, त्याबद्दल डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारा.

८. आमच्या अँटिबायोटिकच्या गोळीतच लॅक्टिक ॲसिड बॅसिलस आहे. मग अंतर कसं ठेवणार?

आपल्याकडं काही अँटिबायोटिकच्या पट्टीवर नावाच्या शेवटी "एलबी" लिहिलेलं असतं. त्यात अँटिबायोटिक आणि बॅसिलसचे बीजाणू एकाच गोळीत असतात, त्यामुळं अंतर ठेवायला जागाच नाही. बीजाणूच्या कवचामुळं ते काही अंशी टिकतात असा त्यामागचा तर्क आहे. पण लेकरांचे जुलाब कमी झाल्याचा जो भक्कम पुरावा प्रश्न १ मध्ये सांगितला, तो मुख्यतः वेगळ्या दिलेल्या लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस आणि यीस्टचा आहे, आणि तोही पुरेशा मात्रेचा. मात्रा म्हणजे दिवसाला निदान ५०० कोटी जिवंत जंतू. हा आकडा पुडीवर सीएफयू या अक्षरांपुढं लिहिलेला असतो. एलबीच्या गोळीत बीजाणूंची संख्या सहसा याच्या कितीतरी कमी असते.

म्हणून एलबीची गोळी चालू असताना डॉक्टरांनी वेगळी पुडीही लिहिली असेल, तर दुहेरी झाली असं समजून ती टाळू नका. प्रश्न ४ प्रमाणे मधल्या वेळेत द्या.

९. औषधाच्या पुडीऐवजी दही-ताक दिलं तर चालेल का? आणि ते किती वेळानं?

दही-ताक अन्न म्हणून चांगलंच आहे. जुलाबात मीठ घातलेलं पातळ ताक पाणी भरून काढायला उपयोगाचं पडतं. पण घरच्या विरजणात कोणत्या जातीचे जिवाणू आहेत आणि किती आहेत ते मोजलेलं नसतं. अभ्यासांमध्ये जो फायदा दिसला तो ठरावीक जातींचा, ठरावीक मात्रेचा आहे. त्यामुळं वाटीभर दही म्हणजे पुडीची जागा घेतली असं मी सांगू शकत नाही. पुडी परवडत नसेल तर दही खा, पण ते अन्न म्हणून खा.

अंतराचा प्रश्न दह्यात वेगळ्या कारणानं येतो, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. डॉक्सीसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांना दूध-दह्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतं. ती जोडी आतड्यातून शोषली जात नाही, म्हणून रक्तात औषध कमी पोचतं. इथं नुकसान दह्यातल्या जिवाणूंचं नसतं, खुद्द अँटिबायोटिकचं होतं, आणि ते जास्त गंभीर आहे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असलेले एक काका "पोटाला थंड पडावं" म्हणून प्रत्येक गोळी ताकाच्या पेल्याबरोबर घेत होते. चार दिवस झाले तरी जळजळ हटेना, तेव्हा ते विचारायला आले. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर दोन तास दूध, दही, ताक, पनीर काही नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी, जस्त आणि ॲसिडिटीचं पातळ औषध यांना आणखी लांब ठेवावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी घ्यायचं किंवा सहा तास नंतर.

अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झाइम यांना दह्याची अशी अडचण नाही. जेवणात दही-भात असेल तर खुशाल खा.

१०. तोंड आलंय म्हणून बुरशीचं औषधही चालू आहे. पुडी द्यायची का?

अँटिबायोटिकच्या दिवसांत लेकरांच्या तोंडात पांढरा थर येतो किंवा बायकांना अंगावरून पांढरं जाऊन खाज सुटते, आणि मग फ्लुकोनॅझोल किंवा निस्टॅटिन लिहिलं जातं. ही औषधं बुरशीला मारतात, आणि सॅकरोमायसिस बुलार्डी त्याच कुळातलं यीस्ट आहे. तेव्हा यीस्टची पुडी या काळात वाया जाते. फ्लुकोनॅझोल शरीरात दीर्घकाळ टिकतं, म्हणून दोन तासांच्या अंतरानंही हे सुटत नाही. डॉक्टरांना सांगून जिवाणूची पुडी घ्या, तिला बुरशीच्या औषधाची बाधा होत नाही.

११. कधी सुरू करायचं, किती दिवस घ्यायचं, आणि पुडी कशात कालवायची?

जुलाब लागण्याची वाट बघू नका. अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सुरू केलं तरच प्रतिबंधाचा चांगला उपयोग होतो. अँटिबायोटिक चालू आहे तोवर घ्या. त्यानंतर बरेच डॉक्टर काही दिवस ते आठवडाभर चालू ठेवायला सांगतात. महिनोन्महिने घेण्याचं कारण नाही. उलट २०१८ साली इस्रायलमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की अँटिबायोटिक संपल्यावर अनेक जातींचं प्रोबायोटिक घेत राहिलेल्या निरोगी लोकांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला जास्त वेळ लागला. तो अभ्यास छोटा होता, पण "घेतलं तर नुकसान काय" असं म्हणून पुड्या चालू ठेवणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

कालवायचं ते गार किंवा साध्या पाण्यात, गार झालेल्या वरणाच्या पाण्यात किंवा गार दुधात. गरम चहात, उकळत्या दुधात, वाफाळत्या खिचडीवर कधीच नाही. कालवल्यावर लगेच द्या. अर्धी पुडी संध्याकाळसाठी वाटीत झाकून ठेवू नका.

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त तापतं. पुडीवर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. लॅक्टोबॅसिलसच्या पुड्या उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिल्या तर आतले जिवाणू बरेच मरतात, आणि पावडर बाहेरून तशीच दिसते. बीजाणूंच्या कुप्या उष्णता बऱ्या सोसतात. आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं ड्राय सिरप कालवलं की ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि सात दिवसांनी उरलेलं फेकावं लागतं. घरी फ्रिज नसेल तर घ्यायच्या आधीच सांगा, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात.

१२. पुडी वेळेवर देऊनही जुलाब लागले. अँटिबायोटिक बंद करू का?

स्वतःहून बंद करू नका. दिवसाला दोन-तीन वेळा जराशी पातळ संडास, ताप नाही, लेकरू खेळतंय आणि पाणी पितंय, असं असेल तर औषध चालू ठेवून डॉक्टरांना कळवा. ओआरएस सुरू करा. मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करा, अर्धी करू नका. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. लहान मुलांना जुलाबात जस्तही १४ दिवस देतात, सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी लेकरांना देऊ नका. मोठ्या माणसांनीही ताप किंवा रक्त असताना ती घेऊ नये.

लगेच डॉक्टरांकडं जायची लक्षणं अशी: संडासात रक्त, जोराचा ताप, पोटात कळा येऊन पोट फुगणं, काही पोटात न टिकणं, सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, लेकरू सुस्त पडणं. मोठ्या माणसांत अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. अँटिबायोटिक संपून दोन-अडीच महिने झाल्यावरही पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, तर ते क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळं असू शकतात. तेव्हा डॉक्टरांना "मधे अँटिबायोटिक घेतलं होतं" हे आवर्जून सांगा. त्यावर पुडी हा उपाय नाही, वेगळं औषध लागतं.

१३. सलाईनमधून किंवा इंजेक्शननं अँटिबायोटिक चालू आहे. मग पोटाला धोका नाही ना?

आहे. उदाहरणार्थ सेफ्ट्रिॲक्झोन इंजेक्शननं देतात, पण त्याचा बराच भाग यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतो. त्यामुळं इंजेक्शननंही जुलाब लागतात. इथं औषध आतड्यात सतत थोडं थोडं उतरत राहतं, म्हणून दोन तासांचा नियम तसा लागू पडत नाही. दवाखान्यात नर्स जी वेळ सांगतील ती पाळा. भरती असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र पुढचा प्रश्न आधी वाचा.

१४. प्रोबायोटिक कुणाला देऊच नये?

हे जिवंत जंतू आहेत हे विसरू नका. निरोगी माणसाच्या आतड्यात ते निरुपद्रवी असतात, पण रक्तात शिरले तर आजार करतात. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, किडनी बदललेला किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारा माणूस, आयसीयूतला गंभीर रुग्ण, यांना घरून आणलेली पुडी देऊ नका. मानेत किंवा छातीत मोठ्या शिरेची नळी घातली असेल तर यीस्टची पुडी त्या पलंगाजवळ उघडूही नये. पावडर हवेत उडते, हाताला लागते, आणि नळीवाटे रक्तात गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ साली कमी दिवसांच्या बाळांबाबत स्पष्ट इशारा दिला आहे.

भेटायला जाताना नातेवाईक मायेनं पुड्या घेऊन जातात. नेण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांना पुडी दाखवा आणि ते हो म्हणाले तरच द्या.